सात, बारा, अठरा : व्हायवाच्या आदल्या रात्रीची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे भागाचा लिखित मजकूर. यावेळी ना स्टुडिओ होता, ना पाहुणे. गेल्या महिन्यात दोन दिवस हिंगोलीला घरी गेलो होतो. धाकटी बहीण प्रज्ञा एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दुसऱ्या दिवशी तिचा बाल न्याय या विषयावर व्हायवा होता आणि तिचा वर्गमित्र गजानन तयारीसाठी आमच्याकडं आला होता. रात्रीचं जेवण झाल्यावर दोघं गच्चीवर सतरंजी टाकून बसले आणि अर्ध्या तासात आवाज खालच्या खोलीपर्यंत यायला लागला. मी फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं आणि वर गेलो. दोघांची परवानगी घेतली आहे. "म्हणजे" आणि "हे बघ" तेवढे कमी केलेत, बाकी जसं झालं तसं.

प्रज्ञा : चल, मी एक्सटर्नल आहे. सांगा, भारतात गुन्हेगारी जबाबदारीचं किमान वय किती?

गजानन : अठरा, मॅडम.

प्रज्ञा : धन्यवाद. पुढच्या विद्यार्थ्याला पाठवा.

गजानन : अगं, अठराच आहे की! अठराच्या खाली सगळं बाल न्याय मंडळाकडं जातं.

प्रज्ञा : मंडळाकडं जातं हे बरोबर. पण मंडळाकडं जातं म्हणजे गुन्हा केलाच नाही असं कायदा म्हणतो का? नाही. तो म्हणतो, हे मूल कायद्याच्या कचाट्यात आलंय, त्याची चौकशी वेगळ्या ठिकाणी करा आणि वेगळ्या पद्धतीनं करा. किमान वय म्हणजे ज्याच्या खाली गुन्हा होऊच शकत नाही ते वय. आपल्याकडं ते सात आहे.

गजानन : सात? दुसरीतलं पोरगं?

प्रज्ञा : हो, दुसरीतलं पोरगं. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ८२, आताच्या भारतीय न्याय संहितेचं कलम २०. सात वर्षांखालच्या मुलानं काहीही केलं तरी तो गुन्हा नाही. त्याच्या पुढचं कलम, म्हणजे जुनं ८३ आणि नवं २१, सात ते बारा वयाच्या मुलांसाठी आहे. आपण काय करतोय आणि त्याचा परिणाम काय होईल हे कळण्याइतकी समज त्या प्रसंगी मुलाला आलेली नव्हती, तर गुन्हा नाही. समज आली होती, तर गुन्हा आहे.

गजानन : आणि बारा पूर्ण झाले की?

प्रज्ञा : दंड संहितेच्या नजरेत तू मोठा. वयाची ढाल तिथं संपली.

मी : थांबा जरा. हा पॉडकास्ट इतिहासाचा आहे. हा सात आकडा आला कुठून?

प्रज्ञा : मेकॉलेकडून, दादा. पहिल्या विधी आयोगाचा तो प्रमुख होता. त्या आयोगानं १८३७ मध्ये दंड संहितेचा मसुदा दिला, त्यात हा सात होता. पुढं १८६० मध्ये कायदा मंजूर झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला. मेकॉलेनंही तो आकडा स्वतः शोधला नव्हता. इंग्लंडच्या जुन्या रूढ कायद्यात सात वर्षांखालच्या मुलाला गुन्हेगार धरत नसत, तोच इकडं आला.

गजानन : म्हणजे कुणी अभ्यास करून, मुलं बघून ठरवलेला नाही.

प्रज्ञा : नाही. आणि गंमत पुढं आहे. इंग्लंडच्या रूढ कायद्यात दुसरी रेघ बाराची नव्हती, चौदाची होती. सात ते चौदा या वयात मुलाला समज नव्हती असंच गृहीत धरायचे, आणि समज होती हे सरकारी पक्षाला सिद्ध करावं लागायचं. आपल्याकडं आणताना चौदाचे बारा केले. शिवाय पुराव्याचा भारही फिरला. पुरावा कायद्याचं जुनं कलम १०५, आता साक्ष अधिनियमात १०८. आरोपीला अपवादाचा फायदा हवा असेल तर तो अपवाद आरोपीनं दाखवायचा. म्हणजे नऊ वर्षांच्या मुलाच्या बाजूनं कुणीतरी उभं राहून सांगायचं की याला कळत नव्हतं. न्यायालय परिस्थितीवरून तसा निष्कर्ष काढू शकतं, पण सुरुवातीचा कल मुलाच्या बाजूनं नाही.

मी : आमच्या भाषेत सांगायचं तर कुणीतरी दुसऱ्या प्रोजेक्टमधला कोड उचलला, एक आकडा कमी केला, एक अट उलटी केली, आणि ते अजून प्रॉडक्शनमध्ये चालू आहे.

प्रज्ञा : आणि २०२३ मध्ये फाइलचं नाव बदललं. १ जुलै २०२४ ला नवी संहिता लागू झाली. कलमांचे क्रमांक बदलले, सात आणि बारा तसेच राहिले.

गजानन : पण एक सांगू का? आपल्या हिंगोलीत १८६२ ला हा कायदा नव्हताच.

प्रज्ञा : अरे हो!

गजानन : इथं निजामाचं राज्य. इंग्रजांच्या पद्धतीची छावणी होती, पण मुलूख हैदराबादचा आणि फौजदारी कायदाही हैदराबादचा. पोलिस कारवाई सप्टेंबर १९४८ ला झाली आणि भारतीय दंड संहिता इथं १९५१ ला लागू झाली. माझ्या आजोबांच्या लहानपणी मेकॉलेची संहिता इथं लागू नव्हती. म्हणजे स्वातंत्र्यानंतर आपणच ती इकडं आणली.

प्रज्ञा : हे सांग उद्या. एक्सटर्नल खूश होईल.

मी : सात ते बारा वयाच्या मुलाला समज होती की नव्हती, हे न्यायालय ठरवतं कसं? एखादं उदाहरण?

प्रज्ञा : पुस्तकात नेहमी येतं ते १९५० चं, ओरिसा उच्च न्यायालयाचं. उल्ला महापात्र विरुद्ध राजा. मुलगा अकरा पूर्ण, बाराच्या आतला. त्यानं चाकू उचलला, समोरच्याला तुझे तुकडे करीन अशी धमकी दिली आणि खरंच वार केले. माणूस मेला. न्यायालय म्हणालं, आधी जे बोलला तेच करून दाखवलं, म्हणजे परिणाम काय होणार हे त्याला माहीत होतं. कलम ८३ चा फायदा मिळाला नाही.

गजानन : बरोबरच आहे की. बोलला आणि केलं.

प्रज्ञा : खरंच? तुझा भाचा रागात रोज काय बोलतो? "मारूनच टाकतो तुला" असं म्हणतोच ना? रागाच्या भरातलं वाक्य हा समज असल्याचा पुरावा की समज नसल्याचा? मला म्हणायचंय ते एवढंच, की "समज" मोजायचं काही साधन या कलमात दिलेलं नाही. न्यायाधीश मुलानं केलेल्या कृत्याकडं बघतात आणि त्यावरून समज ठरवतात. कृत्य जितकं भयंकर, तितकं मूल मोठं वाटायला लागतं.

गजानन : आता माझी पाळी. मी तुला पुण्याचं प्रकरण विचारतो.

प्रज्ञा : पोर्शेचं?

गजानन : सगळे तेच विचारतात. मे २०२४, कल्याणीनगर, सतरा वर्षांचा मुलगा, दोन तरुण इंजिनिअर गेले आणि तीनशे शब्दांचा निबंध. दादा, तुमच्याच क्षेत्रातले होते ते.

मी : हो. आमच्या ऑफिसात तो आठवडाभर दुसरा विषय नव्हता. सगळ्यांचं म्हणणं एकच, वय कमी करा.

प्रज्ञा : कुठलं वय? तिथं कुणीच असं म्हटलं नव्हतं की सतराव्या वर्षी गुन्हा होत नाही. प्रश्न होता चौकशी कुणापुढं व्हायची. २०१५ च्या कायद्यानं सोळा ते अठरा वयाच्या मुलावर जघन्य गुन्ह्यात प्रौढासारखा खटला चालवायची वाट ठेवली आहे, आधी मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं. पोलिसांनी तशी मागणी केली, मंडळानं जुलै २०२५ मध्ये ती नाकारली. हा वाद वरच्या रेघेचा आहे, किमान वयाचा नाही. टीव्हीवर दोन्ही रेघा एकच समजून भांडतात.

गजानन : मान्य. पण मी विचारणार होतो ते पुण्याचं जुनं प्रकरण. ऑगस्ट १९९४. एकाच घरातल्या पाच बायका आणि दोन लहान मुलं, सात खून. त्यातली एक गरोदर होती.

प्रज्ञा : माहितीये. सांग तू.

गजानन : दादा, नीट ऐका. त्यात पकडलेल्यांपैकी एकाचं वय कागदावर वीस-बावीस लिहिलं गेलं. १९९८ ला पुण्याच्या सत्र न्यायालयानं त्याला फाशी दिली. १९९९ ला मुंबई उच्च न्यायालयानं ती कायम केली, २००० ला सर्वोच्च न्यायालयानं कायम केली. तिन्ही ठिकाणी वयाचा प्रश्नच आला नाही. माणूस फाशीची वाट बघत तुरुंगात. मग २०१८ ला त्याच्या वतीनं अर्ज झाला की घटनेच्या वेळी तो मूल होता.

मी : चोवीस वर्षांनी? असं चालतं?

प्रज्ञा : चालतं. बालवयाचा मुद्दा कधीही, कुठल्याही न्यायालयात, निकाल लागल्यावरसुद्धा मांडता येतो. कायद्यातच तसं लिहिलंय.

गजानन : सर्वोच्च न्यायालयानं २०१९ ला पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितलं. राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेचा दाखला निघाला. जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२. नाव थोडं वेगळं होतं. खटला एका नावानं चाललेला, शाळेत दुसरं नाव. हाच तो मुलगा का, यावर सरकारनं हरकत घेतली. न्यायालयानं सगळं तपासलं आणि २७ मार्च २०२३ ला निकाल दिला : घटनेच्या दिवशी वय बारा वर्षं सहा महिने. फाशी रद्द, ताबडतोब सुटका. तोपर्यंत आत अठ्ठावीस वर्षं झाली होती. २००० च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवता आलं असतं.

मी : नाव काय त्याचं?

प्रज्ञा : दादा, निकालात आहे, पण आपण घ्यायचं नाही. कलम ७४. विधिसंघर्षग्रस्त बालकाची ओळख पटेल असं काही छापायचं नाही. तो मूल होता हे ठरलं ना आता.

गजानन : तर माझा प्रश्न. सात महिने कमी असते, म्हणजे बाराच्या आत असता, तर काय झालं असतं? आणि बारा वर्षं सहा महिने होता म्हणून काय झालं?

प्रज्ञा : भारी प्रश्न आहे. थांब, पायरी पायरीनं जाते. पहिली पायरी, दंड संहिता. वय बारा वर्षं सहा महिने. कलम ८३ ची मर्यादा बारा. म्हणजे समज होती की नव्हती हा प्रश्न विचारायचाच नाही. दंड संहितेच्या हिशोबानं तो पूर्ण जबाबदार. सात महिने लहान असता तर निदान हा प्रश्न तरी विचारावा लागला असता.

गजानन : दुसरी पायरी?

प्रज्ञा : बाल न्याय. १९९४ ला १९८६ चा कायदा चालू होता. त्यात मुलगा सोळाच्या खाली, मुलगी अठराच्या खाली. बारा वर्षांचा मुलगा त्या कायद्यानंसुद्धा मूलच होता. त्याला फाशी देताच येत नव्हती. म्हणजे नंतर २००० ला वय वाढवून अठरा केलं म्हणून तो वाचला असं नाही. कायदा तेव्हाही होता. फक्त वय कुणी तपासलं नाही.

मी : न्यायालयाला बारा वर्षांच्या मुलानं सात खून केले हे पटलं?

प्रज्ञा : त्यांनी निकालात लिहिलंय की ही गोष्ट धक्का देणारी आहे. पण मानसशास्त्राचं ज्ञान आपल्याकडं नाही, तर अंदाजावर वय ठरवणार नाही, कागदावर ठरवणार, अशा अर्थाचं. मला ते फार महत्त्वाचं वाटतं. मघाच्या ओरिसाच्या निकालात कृत्यावरून मूल मोठं ठरलं. इथं न्यायालय म्हणालं, कृत्य कितीही भयंकर असो, त्यावरून वय वाढत नाही.

गजानन : आणि त्या घरातली सात माणसं?

(इथं रेकॉर्डिंगमध्ये बराच वेळ कुणी बोलत नाही. खालून रस्त्यावरून एक टमटम जाते.)

प्रज्ञा : त्याला माझ्याकडं उत्तर नाही, गजा. त्या घरच्यांना आधी सांगितलं फाशी झाली, मग अठ्ठावीस वर्षांनी सांगितलं तो मूल होता. पहिल्याच दिवशी शाळेचा दाखला मागवला असता तर त्यांचीही ही दुसरी फरपट झाली नसती.

गजानन : म्हणून मी म्हणतो, किमान वय बिय नंतर. आधी वय मोजायला शिका. माझी जन्मतारीख माहितीये ना?

प्रज्ञा : एक जून.

मी : अरे, बाबांची पण एक जूनच!

गजानन : निम्म्या मराठवाड्याची एक जून आहे, दादा. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. मास्तर दारात विचारायचे, पोरगं किती वर्षांचं? सहाचं. मग जूनच्या एक तारखेत सहा वर्षं मागं जाऊन लिहून टाकायचं. माझी माय म्हणते मी थंडीत झालो, कारखान्यावर, उसाच्या फडाजवळच्या कोपीत. थंडीत म्हणजे डिसेंबर-जानेवारी. पण कुठल्या वर्षीची थंडी, हे तिलाही नक्की सांगता येत नाही. आता कलम ९४ सांग.

प्रज्ञा : आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा बोर्डाचं प्रमाणपत्र. ते नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसेल तरच हाडांची तपासणी.

गजानन : म्हणजे कायद्यात माझं वय एक जूनवरून मोजणार. मास्तरनं सहाचे सात लिहिले असते तर मी वर्षभर आधीच मोठा झालो असतो. आणि जे पोरगं शाळेतच गेलं नाही, मायबापासोबत तोडीवर गेलं, त्याच्या हाडांचा एक्स-रे. त्यातून वय तारखेसारखं नेमकं निघत नाही, एका टप्प्यात निघतं. अशा ठिकाणी तू सातची रेघ, बाराची रेघ ओढतेस. रेघ कागदावर बारीक आहे, जमिनीवर ती दोन वर्षं रुंद आहे.

प्रज्ञा : तुझंच बोलणं माझ्या बाजूचं आहे. रेघ पुसट आहे म्हणूनच ती वर सरकवायला पाहिजे. सात ही रेघ इतकी खाली आहे की वय चुकलं तर सहा वर्षांचं पोरसुद्धा आरोपी ठरेल. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीनं २०१९ मध्ये सगळ्या देशांना निदान चौदा करा असं सांगितलं. आपण बालहक्क करारावर १९९२ मध्ये मान्यता दिली आहे. आणि ज्यांनी सात दिला त्या इंग्लंडनं १९३३ ला आठ केले, १९६३ ला दहा केले.

गजानन : आणि त्याच इंग्लंडनं १९९३ ला दहा वर्षांच्या दोन मुलांवर खुनाचा खटला मोठ्यांच्या न्यायालयात चालवला आणि १९९८ ला ते चौदापर्यंतचं संरक्षण काढून टाकलं. अर्धं सांगू नको.

प्रज्ञा : बरं बाबा, पूर्ण सांगते. दहाच्या वर त्यांनी कडक केलं.

मी : आणि आपल्याकडं वरची रेघ कधी आली?

प्रज्ञा : मुंबईत लवकर आली. १९२४ चा मुंबई बालक अधिनियम. सोळाच्या आतल्या मुलांना तुरुंगाऐवजी वेगळी व्यवस्था. दादा, तुला आवडेल असं एक सांगते. टिळक आणि आगरकर १८८२ ला एकशे एक दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते ना? उमरखाडीच्या त्याच जागेत पुढं मुलांचं निरीक्षणगृह आलं. इमारत तुरुंगाची, पाटी मुलांची.

गजानन : आणि पाटी बदलली तरी मुलं तुरुंगात होतीच. शीला बारसे.

प्रज्ञा : हो. मुंबईच्या पत्रकार. देशभरातल्या तुरुंगांत सोळाखालची किती मुलं आहेत, याची माहिती मागत त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ऑगस्ट १९८६ मध्ये न्यायालयानं सांगितलं की मुलांना तुरुंगात ठेवू नका आणि सगळ्या देशासाठी एकच कायदा करा. त्याच वर्षी बाल न्याय कायदा आला. मग २००० मध्ये मुलगा-मुलगी दोघांनाही अठरा, २०१५ मध्ये सोळा ते अठराची वेगळी वाट. म्हणजे वरची रेघ शंभर वर्षांत कितीदा हलली. खालची रेघ १८६० पासून एकदाही नाही.

गजानन : ठीक. मग धरू की तू खालची रेघ बारा केली. पुण्याचा तो मुलगा वाचला असता का?

प्रज्ञा : …नाही. तो साडेबारा होता.

गजानन : मग?

प्रज्ञा : मग हे कबूल करायला पाहिजे की किमान वय वाढवणं हे त्याच्यासाठी उत्तर नव्हतं. त्याला वाचवलं वरच्या रेघेनं आणि शाळेच्या रजिस्टरनं. खालची रेघ कुणाच्या कामाची? आठ-नऊ-दहा वर्षांच्या पोरांच्या. भंगारात तांब्याची तार विकली, बाजारात मोबाइल उचलला. खून करणारी नाहीत ती, रोजची आहेत.

गजानन : पण त्यांना तुरुंगात कोण टाकतंय? किरकोळ गुन्ह्यात २०१६ च्या नियमांप्रमाणे एफआयआरसुद्धा करायचा नाही, स्टेशन डायरीत नोंद करायची. मग मंडळ समज देऊन घरी पाठवतं. सात काय आणि बारा काय, फरक काय पडला?

प्रज्ञा : फरक हा, की ते पोर कोण म्हणून आत येतं. आज नऊ वर्षांचं मूल मंडळापुढं गुन्ह्याचा आरोप असलेलं मूल म्हणून उभं राहतं. चौकशी होते, ती लांबली तर निरीक्षणगृहात मोठ्या पोरांबरोबर राहणं होतं. किमान वय बारा असेल तर तेच मूल बाल कल्याण समितीकडं जाईल, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल म्हणून. तिथं पहिला प्रश्न "चोरी केली का" हा नसतो, "शाळा का सुटली" हा असतो.

गजानन : आणि तार चोरायला पाठवणारा मोठा माणूस? त्याला कळलं की बाराच्या आत गुन्हाच नाही, तर तो अकरा वर्षांची पोरं गोळा करील.

प्रज्ञा : त्याला आजही कलम आहे. बाल न्याय कायद्याचं ८३, पोटकलम २. मुलांना बेकायदा कामाला वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड.

गजानन : ८३? मघाशी ८३ म्हणजे सात ते बारा म्हणालीस.

प्रज्ञा : ते दंड संहितेचं ८३, हे बाल न्याय कायद्याचं ८३. उद्या इथंच पाडतील बघ. आणि पाठवणाऱ्याचं म्हणशील तर मूल गुन्हेगार ठरलं नाही म्हणून तो सुटत नाही. उलट नजर त्याच्याकडं वळते. आज पोर हाती लागतं आणि तपास तिथंच थांबतो.

गजानन : बारापर्यंत मी येतो तुझ्याबरोबर. चौदाला नाही येत. आपल्या गावाकडं तेरा-चौदाची पोरं ट्रॅक्टर चालवतात, घर चालवतात, लहान भावंडं सांभाळतात. त्यांना कशातलं काही कळत नाही असं कायद्यानं म्हणणं मला खोटं वाटतं.

प्रज्ञा : त्यांना कळत नाही असं मी म्हणत नाही. कळतं, पण त्याचा हिशोब आरोपी म्हणून घ्यायचा की नाही, हा प्रश्न आहे. आणि घर चालवायला लागणं हा समज आल्याचा पुरावा नाही रे. ते आपलं अपयश आहे.

गजानन : ते तू वकील झाल्यावर बोल. व्हायवात एवढं चालणार नाही.

मी : व्हायवात काय बोलणार मग?

गजानन : थांबा, पाठ म्हणतो. भारतात गुन्हेगारी जबाबदारीचं किमान वय सात. सात ते बारा समजेवर अवलंबून, आणि समज नव्हती हे दाखवायचा भार मुलाच्या बाजूवर. बारानंतर जबाबदारी पूर्ण, पण अठरापर्यंत चौकशी आणि उपाय बाल न्याय कायद्याखाली. सोळानंतर जघन्य गुन्ह्यात मूल्यांकन करून प्रौढासारखा खटला होऊ शकतो. आणि या सगळ्याच्या आधी, वय कागदावरून ठरवायचं, कृत्यावरून नाही.

प्रज्ञा : शेवटचं वाक्य ठेव. ते पुस्तकात नाही, पण ठेव.

रेकॉर्डिंग इथं संपतं, कारण खालून आईनं दोघांनाही झोपायला सांगितलं.

व्हायवाचं काय झालं, असं आता तुम्ही विचारणार. गजाननला एक्सटर्नलनं दोनच प्रश्न विचारले. बाल न्याय मंडळात सदस्य किती (एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली निदान एक महिला), आणि बाल कल्याण समिती कुठल्या मुलांसाठी असते. सात-बाराचा प्रश्न आलाच नाही. प्रज्ञाला तो आला. तिनं सात सांगितल्यावर सर म्हणाले, "नक्की?" तिनं कलम सांगितलं. त्यांनी पुस्तक उघडून पाहिलं, मग मान हलवली.

घरी परत निघताना मी बाबांना विचारलं, तुमची खरी जन्मतारीख कुठली. म्हणाले, "पोळ्याच्या आसपासची. पण आता पेन्शनच्या कागदावर एक जूनच आहे, ती कशाला हलवतोस?"

तुमच्या घरात किती जण एक जूनचे आहेत, ते नक्की कळवा. पुढच्या भागात भेटूच.